हा (i) कोणाच्या पोटातला?

(वनहक्क समित्यांच्या कार्यकर्ता शिबिरात आम्हा टायपिंगचं काम करणाऱ्या पोरापोरींच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावांतून कोणी येऊ शकलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

आम्ही चौघं-पाचजण बारावीपर्यंत शिकलेले. गावात कागद आला की वाचायला आम्हाला बोलावतात, आणि कागद पाठवायचा असला की टाइप करायलाही आम्हालाच. आज आम्ही मोठं काही सांगणार नाही. कायद्याच्या पुस्तकाच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला, तो बघून पान टाइप केलं, आणि त्यातले क्रमांक वर-खाली झाले, तर काय होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच सांगतो. हे आम्ही चुकून शिकलो, म्हणून आधी आमच्या दोन चुका सांगतो.

पहिली चूक

आपल्या एका गावाने सामूहिक वनसंसाधनाच्या हक्कासाठी ग्रामसभेचा ठराव केला. कलम कोणतं लिहायचं? वनहक्क कायदा २००६ चं पुस्तक गावात नव्हतं. दुसऱ्या गावच्या मित्राने पानाचा फोटो पाठवला. पान इंग्रजी होतं. त्यात कलम ३, त्याचं पोटकलम (१), आणि त्यात सामूहिक वनसंसाधनाचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं होतं (i).

आम्ही म्हटलं, हा रोमन आकडा. शाळेत शिकलोय ना, i म्हणजे एक, ii म्हणजे दोन. मराठी ठरावात इंग्रजी कशाला, म्हणून आम्ही लिहिलं ‘कलम ३(१)(एक)’. सह्या झाल्या, अंगठे झाले, कागद गेला.

बऱ्याच दिवसांनी कार्यालयातून पत्र आलं. ठरावातला खंड कायद्यात सापडत नाही, गाव नेमका कोणता हक्क मागतंय ते स्पष्ट करा. तोंडी विचारलं तर सांगितलं, ‘एक’ म्हणजे पहिला खंड धरला तर तो राहण्याच्या आणि कसण्याच्या जमिनीचा आहे, मग हा सामूहिक दावा कसा?

तो (i) रोमन एक नव्हताच. ते इंग्रजी अक्षर होतं. a, b, c, d, e, f, g, h आणि मग i. म्हणजे नववा खंड. आम्ही नवव्याला पहिला करून टाकलं.

पुन्हा ग्रामसभा बोलवावी लागली. नियमाप्रमाणे निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. दिवस रोवणीचे. माणसं शेतातून चिखलाच्या पायांनी आली आणि आमच्या एका अक्षरासाठी पुन्हा सह्या-अंगठे करून गेली. कोणी आम्हाला बोललं नाही, पण मान वर करवत नव्हती.

दुसरी चूक

ही पहिलीपेक्षा वाईट. त्याच कायद्याच्या कलम ३ चं पोटकलम (२) बघा. गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते, त्याची यादी त्यात आहे. सरकारने चालवायच्या सोयी, आणि त्यासाठी हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. यादी अशी:

(a) शाळा, (b) दवाखाना किंवा रुग्णालय, (c) अंगणवाडी, (d) रास्त भाव दुकान, (e) विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा, (f) तळी व लहान जलसाठे, (g) पिण्याच्या पाण्याची सोय व नळ, (h) पाणी साठवण्याची बांधकामं, (i) लहान पाटबंधाऱ्याचे कालवे, (j) अपारंपरिक ऊर्जा, (k) कौशल्य प्रशिक्षण केंद्र, (l) रस्ते, (m) समाजकेंद्र.

अक्षरं मोजा. तेरा आहेत. तेराव्यानंतर लगेच ‘परंतु’ असं सुरू होतं. कायद्याच्या भाषेत त्याला परंतुक म्हणतात. त्यात दोन अटी आहेत. त्यांचे क्रमांक (i) आणि (ii), आणि इथे ते खरोखरचे रोमन आकडे आहेत. पहिली अट: प्रत्येक वेळी द्यायची जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असली पाहिजे. दुसरी अट: त्या कामाला ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

आता आम्ही काय केलं? फोटो जरा तिरका होता. सगळ्या ओळी एकाच रेषेत नव्हत्या, समास कुठे सरकलाय ते नीट कळत नव्हतं. शेवटची ओळ (m) समाजकेंद्र. तिच्याखाली (i) आणि (ii). आम्हाला वाटलं, m च्या पोटातले हे दोन उपखंड. म्हणून आम्ही ते m च्या खाली, आत सरकवून टाइप केले. ‘परंतु’ हा शब्दही त्याच ओळीत चिकटला. त्या पत्रकाच्या प्रती काढून आम्ही गावोगाव वाटल्या.

मग एका गावात रस्त्याच्या कामाची बैठक होती. काम करायला आलेल्या माणसाने आमचाच कागद पुढे धरला. म्हणाला, “तुमच्याच संघटनेचं पत्रक वाचा. ग्रामसभेची शिफारस फक्त समाजकेंद्राला लागते. रस्ता तर (l) मध्ये आहे, त्याला अट कुठे आहे?” गावातले लोक आमच्याकडे बघायला लागले. बरं की एक जुने कार्यकर्ते दादा तिथे होते, त्यांच्या पिशवीत छापील पुस्तक होतं. त्यांनी पान उघडून दाखवलं की परंतुक सगळ्या तेरा कामांना लागू आहे, शाळेपासून समाजकेंद्रापर्यंत.

बघा, आम्ही एकही शब्द चुकवला नव्हता. शब्द सगळे बरोबर होते. फक्त दोन ओळी दोन बोटं आत सरकल्या. तेवढ्याने बारा कामांवरची ग्रामसभेची अट कागदावरून उडाली.

पोट म्हणजे काय

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की क्रमांक हा नुसता आकडा नसतो. तो सांगतो की ही ओळ कोणाच्या पोटात आहे. आपल्याकडे पोटकलम हा शब्दच आहे. कलमाच्या पोटात पोटकलम, पोटकलमाच्या पोटात खंड, खंडाच्या पोटात उपखंड. केंद्राच्या इंग्रजी कायद्यात बहुतेक वेळा कलमाला नुसता आकडा असतो, 3. पोटकलमाला कंसात आकडा, (1). खंडाला कंसात लहान इंग्रजी अक्षर, (a). उपखंडाला कंसात लहान रोमन आकडा, (i).

घोटाळा इथेच होतो. रोमन आकडे इंग्रजी अक्षरांनीच लिहितात. एक म्हणजे i, पाच म्हणजे v, दहा म्हणजे x. त्यामुळे खंडाचा (i) आणि उपखंडाचा (i) फोटोत हुबेहूब सारखे दिसतात. त्या एका अक्षराकडे कितीही टक लावून बघितलं, फोटो कितीही मोठा केला, तरी कळणार नाही. ते शेजाऱ्यांवरून कळतं.

मागे बघा आणि पुढे बघा. मागे (h) आणि पुढे (j) असेल तर ते अक्षर, म्हणजे नववा खंड. मागे क्रमांक नाही, नुसतं वाक्य किंवा ‘परंतु’ आहे, आणि पुढे (ii) आहे, तर तो रोमन एक. (v) चंही तसंच. मागे (iv) असेल तर रोमन पाच, मागे (u) असेल तर अक्षर.

एक अवघड जागा राहते. मागे (h) आहे पण पुढे (ii) आहे. तेव्हा (h) च्याच पोटात (i) आणि (ii) असे उपखंड असू शकतात, आणि ते संपल्यावर खंडाचा खरा (i) येतो. म्हणजे एकाच पानावर दोन (i). अशा वेळी पुढे जात राहायचं, (j) सापडेपर्यंत. (j) च्या लगेच मागे जो (i) आहे तो खंड. फोटो तिथेच संपला असेल तर अंदाज करू नका, पुढच्या पानाचा फोटो मागवा.

मराठी अक्षरांचा घोळ

कोणी म्हणेल, मग मराठी पुस्तकच घेऊ. घ्या, पण तिथेही सांभाळा. मराठी कागदांत अक्षरांचे दोन क्रम चालतात. एक क ख ग घ चा आणि दुसरा अ ब क ड चा. पहिल्यात (क) हा पहिला आहे, दुसऱ्यात तोच (क) तिसरा. (ड) तर आणखी वाईट. अ ब क ड मध्ये तो चौथा. क ख ग घ ङ च छ ज झ ञ ट ठ ड असं मोजत गेलं तर तो तेरावा. आणि याच क्रमात पाचवा येतो (ङ), त्याच्यात आणि (ड) मध्ये फरक फक्त एका टिंबाचा. झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो काढला की ते टिंब गेलंच समजा. म्हणजे फोटोत (ड) दिसला तर तो चौथा, पाचवा किंवा तेरावा, तिन्ही असू शकतो. इथेही उपाय तोच, शेजारी बघायचे. मागे (घ) असेल तर तो (ङ), पाचवा. मागे (ठ) असेल तर तेरावा. मागे (क) असेल तर चौथा.

रोमन (i), (ii) साठी मराठी कायद्यांत (एक), (दोन) असं लिहितात. आमची पहिली चूक त्यातूनच झाली. म्हणून आता आमचा नियम आहे: पहिली प्रत करताना क्रमांक भाषांतरित करायचा नाही. पानावर (i) आहे तर (i) च टाइप करायचं. मराठी अर्थ त्याच्यासमोर लिहा, पण क्रमांक पानावरचाच ठेवा. नंतर मराठी पुस्तकाशी जुळवायचं असेल तर मोजून जुळवा. नववा खंड इंग्रजीत (i) असेल, तर क ख ग घ च्या क्रमात तो (झ).

फोटो कसा काढायचा

अर्धं काम फोटोतच बिघडतं. क्रमांक डाव्या कडेला असतात. पुस्तक जाड असलं की उजव्या हाताच्या पानाची डावी कडा शिवणीत जाते, तिथे पान वाकतं आणि सावली पडते. मजकूर स्वच्छ दिसतो, पण क्रमांक सावलीत बुडतात. तेव्हा एका माणसाने पान दाबून सपाट धरायचं आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. एका फोटोत एकच पान घ्या. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. मोबाईल पानाला समांतर धरा, तिरका नको, कारण तिरक्या फोटोत खालच्या ओळी आत सरकल्यासारख्या दिसतात आणि आमच्यासारखी दुसरी चूक होते. पानाचा छापील क्रमांक फोटोत आला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक अक्षरं फुटतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दहापेक्षा जास्त पानं असतील तर फोटोंना 01, 02, 03 अशी नावं द्या. नुसतं 1, 2, 3 दिलं तर काही ठिकाणी 1 नंतर 10 लागतं आणि पानंच उलटसुलट होतात.

आधी सांगाडा, मग मजकूर

आता टाइप करण्याचं काम. पहिल्या ओळीपासून सरळ टाइप करत सुटायचं नाही. आधी फोटो बघून फक्त क्रमांकांचा सांगाडा लिहायचा. आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा पूर्ण पत्ता लिहायचा. पत्ता म्हणजे जिल्हा, तालुका, गाव, घर लिहितो तसा: कलम, पोटकलम, खंड. नुसतं (i) लिहिणं म्हणजे पाकिटावर नुसतं ‘घर नंबर एक’ लिहिण्यासारखं आहे. कोणत्या गावातलं?

कलम ३(२) चा सांगाडा असा होतो. मधली अक्षरं इथे जागेसाठी गाळली आहेत, तुम्ही सगळी लिहा.

```
3(2)
3(2)(a)
3(2)(b)
...
3(2)(h)
3(2)(i)
3(2)(j)
...
3(2)(m)
3(2) परंतुक
3(2) परंतुक (i)
3(2) परंतुक (ii)
```

बघा, आता दोन्ही (i) वेगळे झाले. एक 3(2)(i), लहान कालव्यांचा. दुसरा 3(2) परंतुक (i), एक हेक्टरच्या अटीचा. ओळ आत सरकली काय किंवा बाहेर राहिली काय, पत्ता सोबत आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण मजकूर लॅपटॉपवरून मोबाईलवर, मोबाईलवरून दुसऱ्याकडे गेला की मोकळ्या जागा टिकतीलच असं नाही. सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत येतात. जागेवर भरवसा ठेवला तर पोट नाहीसं होतं. पत्ता टिकतो.

परंतुक कोणाच्या पोटात, हे कसं ठरवायचं? तीन खुणा आहेत. एक, पानावर ‘परंतु’ किंवा इंग्रजीत ‘प्रोव्हायडेड दॅट’ ही ओळ नव्याने सुरू होते. दोन, विरामचिन्हं बघा. यादीतल्या प्रत्येक खंडाच्या शेवटी अर्धविराम असतो. शेवटून दुसऱ्याच्या शेवटी ‘आणि’ असतं. इथे (l) रस्ते, मग ‘आणि’, मग (m) समाजकेंद्र. ‘आणि’ आलं की समजायचं पुढचा खंड शेवटचा, यादी संपली. (m) च्या शेवटी अपूर्णविराम आहे, म्हणजे दोन टिंबं, आणि मग परंतुक. तीन, परंतुकाचे शब्द वाचा. त्यात ‘या पोटकलमात सांगितलेल्या कामांसाठी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पोटकलम म्हटलंय, खंड नाही. कायदा स्वतःच सांगतो की मी कोणाच्या पोटात आहे. आम्ही ते शब्द टाइप केले होते, पण वाचले नव्हते.

मशीनची मदत नको तिथे

लॅपटॉपवर वर्डमध्ये टाइप करताना मशीन आपल्या मनाने क्रमांक देतं. तुम्ही (a) टाइप करून ओळ संपवली की पुढच्या ओळीला ते स्वतःच (b) देतं. सोयीचं वाटतं, पण मध्ये एक खंड राहून गेला तरी क्रमांक सलग दिसतात, आणि चूक झाकली जाते. पान हरवलेलं असलं तरी कळत नाही. मधे साधी ओळ घालून पुन्हा (i) पासून सुरू केलं, तर मशीन त्याला रोमन समजून पुढे (j) ऐवजी (ii) देऊ शकतं. म्हणजे आमची पहिली चूक मशीनही करतं.

ही सवय बंद करता येते. File मध्ये Options, त्यात Proofing, त्यात AutoCorrect Options, आणि त्यात AutoFormat As You Type. तिथे Automatic numbered lists समोरची खूण काढून टाका. क्रमांक हातानेच टाइप करा.

आणखी एक गंमत. वर्डमध्ये (c) टाइप केलं की त्याचं © होतं. तिसरा खंड गायब, त्याजागी गोल चिन्ह. (e) चं € होतं. असं झालं की लगेच Ctrl आणि Z दाबा, तुम्ही टाइप केलेलं परत येतं. गौणवनोपजाचा हक्क ३(१)(c) मध्ये आहे. तेंदू-मोहाच्या ठरावात तेवढं एक चिन्ह शिल्लक राहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

तपासणी: चिंचोके आणि बोट

टाइप करणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही. आम्ही तिघंजण बसतो. एकजण फोटोवरून फक्त क्रमांक मोठ्याने वाचतो, मजकूर नाही. दुसरा टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवतो. तिसरी आमची एक आजी आहे, तिला वाचता येत नाही. प्रत्येक खंडाला ती एक चिंचोका टाकते. कलम ३(१) ला तेरा चिंचोके पडले पाहिजेत, ३(२) ला तेरा, आणि परंतुकाचे दोन वेगळ्या ढिगात. एकदा बारा पडले. आम्ही म्हटलं, आजी चुकली. आजी म्हणाली, “माझे चिंचोके खोटं बोलत नाहीत, तुमचा कागद बघा.” बघितलं तर (g) आणि (h) एकाच ओळीत चिकटले होते.

मोजणी झाल्यावर कायद्याकडूनच एक साक्ष घ्यायची. कायद्यात एक खंड दुसऱ्याचं नाव घेतो. कलम ३(१) चा (l) बघा. तो म्हणतो, खंड (a) ते (k) मध्ये न आलेले इतर परंपरागत हक्क, शिकार सोडून. म्हणजे (l) च्या आधी (a) ते (k) असे अकरा खंड असलेच पाहिजेत. तुमच्या कागदात त्याच्या आधी दहा किंवा बाराच भरत असतील, तर चूक तुमच्याकडे आहे. असे उल्लेख जिथे सापडतील तिथे खूण करून जुळवून बघा.

शेवटी पानं जोडतात ती जागा तपासा. नव्या पानाच्या डोक्यावर क्रमांक नसलेली ओळ असेल तर ती बहुतेक मागच्या पानावरच्या खंडाचीच उरलेली शेपटी असते. तिला नवा क्रमांक देऊ नका. मागच्या पानाची शेवटची ओळ आणि ही ओळ सलग वाचा, वाक्य जुळलं तर जोडा.

जे दिसत नाही तिथे कंसात ‘अस्पष्ट’ लिहा. पुस्तकातच क्रमांक चुकीचा छापलाय असं वाटलं, तरी आधी पुस्तकात आहे तसाच लिहा आणि खाली आपली शंका लिहा. आपण कायदा दुरुस्त करायला बसलेलो नाही. आणि कागदाच्या तळाशी लिहा: कोणतं पुस्तक, कोणत्या साली छापलेलं, कोणतं पान, कोणी टाइप केलं, कोणी तपासलं. वनहक्काचे नियम २००८ चे आहेत आणि त्यांत २०१२ साली दुरुस्त्या झाल्या. साल नसलेला कागद जुना की नवा, हे कोणाला कळणार नाही. आणि आपला टाइप केलेला कागद ही फक्त वाचायची सोय आहे. वाद झाला तर छापील राजपत्रच पुढे ठेवायचं.

घरी करायला एक काम

जाता जाता एक काम देतो. नियम १३ चं पोटनियम (१) सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, त्यात दाव्याला कोणकोणते पुरावे चालतात ते दिलंय. (a) सरकारी नोंदी व नकाशे, (b) मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रं, (c) घर, बांध-बंदिस्ती यांसारख्या जमिनीवरच्या खुणा, असं करत (g) विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, (h) वंशावळ, आणि शेवटी (i) दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन.

आता सांगा, हा (i) कोण? पुढे (j) नाही, यादी तिथेच संपते. पण मागे (h) आहे. मागचा शेजारी पुरेसा आहे. हा अक्षराचा (i), नववा पुरावा, १३(१)(i). याला कोणी ‘१३(१)(एक)’ लिहिलं तर आजोबांची साक्ष सरकारी नोंदींच्या जागी जाऊन बसेल, आणि कार्यालय म्हणेल, नोंद दाखवा.

प्रत्येक गावाने आपल्याकडचं हे पान काढा, सांगाडा लिहा, चिंचोके मोजा. नऊ पडले पाहिजेत. पुढच्या बैठकीला कागद घेऊन या, आपण एकमेकांचे तपासू. आणि आमच्या त्या जुन्या पत्रकाची प्रत कोणाच्या घरी असेल, ज्यात (i) आणि (ii) समाजकेंद्राच्या खाली आत सरकलेले आहेत, ती फाडून टाका किंवा आमच्याकडे परत आणून द्या. ती चूक आमची आहे, आणि ती अजून कोणाच्या तरी पेटीत पडून आहे.

जोहार!